फुकट सिनेमाने नेमकं कुणाचं नुकसान होतं?

२०१६ साली मी परभणीत बीएस्सीला होतो. 'सैराट' २९ एप्रिलला लागला आणि काही दिवसांतच त्याची कॉपी बाहेर आली. सेन्सॉरला दिलेली कॉपी फुटली, अशी तेव्हा सगळीकडे चर्चा होती. आमच्या भागातल्या एका मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड भरून मिळायचं. मी ते भरून घेतलं आणि वसतिगृहाच्या खोलीत आम्ही सहा जणांनी एका मोबाइलवर सिनेमा पाहिला. नंतर थिएटरातही पाहिला, हे खरं आहे. पण तो माझ्या बाजूने पुरावा म्हणून वापरता येईल का, हा प्रश्न मला बऱ्याच वर्षांनी पडला.

झालं असं की, मागच्या महिन्यात पेटची तयारी करणाऱ्या एका ज्युनियरने मला टेलिग्रामची लिंक पाठवली. मी नको म्हटलं तर तो म्हणाला, "दादा, सैराट फुटला तरी विक्रमी चालला. मग नुकसान कुठंय?" प्रश्न चांगला आहे. संशोधनात आपण रोज ज्या चुकीपासून सावध राहायला शिकतो, ती अख्खी या एका वाक्यात आहे. म्हणून हा लेख. दुसऱ्या भागात, परभणीसारख्या ठिकाणी बसून नवा सिनेमा कायदेशीर आणि स्वस्तात कसा शोधायचा, तेही सांगणार आहे.

आधी ज्युनियरचं म्हणणं पाहू. कॉपी फुटूनही 'सैराट' तोपर्यंतचा सर्वाधिक कमाईचा मराठी सिनेमा ठरला. पण नुकसान मोजायचं म्हणजे 'किती कमावले' हा आकडा पुरत नाही. 'कॉपी फुटली नसती तर किती कमावले असते' हा दुसरा आकडा लागतो आणि तो कधीच समोर येत नाही. शेतात एकच प्लॉट असेल आणि त्याला खत घातलं असेल, तर उत्पादन खतामुळे वाढलं की पावसामुळे, हे सांगता येत नाही. शेजारी बिनखताचा प्लॉट लागतो. सिनेमाचा बिनखताचा प्लॉट नसतो. त्यात 'सैराट'च्या मागे झी स्टुडिओज होतं, अजय-अतुलची गाणी आधीच गाजत होती. वाचलेल्या एका सिनेमाकडे बोट दाखवून बाकीच्यांचं काय झालं हे ठरवता येत नाही, कारण जे बुडाले त्यांची नावंच आपल्याला माहीत नसतात.

मग अभ्यासक हा दुसरा आकडा काढतात कसा? दोन शोधनिबंध सांगतो. दोघांची उत्तरं उलट आहेत असं वाटतं आणि तिथेच खरी गंमत आहे.

पहिला २०१४ चा, 'इन्फर्मेशन सिस्टिम्स रिसर्च' या नियतकालिकातला. लिये मा, अॅलन माँटगोमेरी, परमवीर सिंग आणि मायकेल स्मिथ यांनी अमेरिकेतले असे सिनेमे घेतले की, ज्यांच्यापैकी काहींची चोरटी कॉपी प्रदर्शनाच्या आधी आली आणि काहींची नंतर. पायरसी सगळ्यांचीच झाली होती, फरक फक्त वेळेचा. सिनेमाचा प्रकार, बजेट, थिएटरांची संख्या असे घटक हिशोबात धरून त्यांना आढळलं की, आधी फुटलेल्या सिनेमांची थिएटरची कमाई नंतर फुटलेल्यांपेक्षा सरासरी १९.१ टक्क्यांनी कमी होती. हा आकडा 'पायरसीमुळे १९ टक्के नुकसान' असा सगळीकडे फिरतो, पण ते बरोबर नाही. तुलना 'पायरसी झालेले' आणि 'न झालेले' यांच्यातली नाहीच. ती 'लवकर' आणि 'उशिरा' यांच्यातली आहे. लिटरेचर रिव्ह्यू लिहिताना असली वाक्यं मूळ पेपर उघडून तपासत जा.

दुसरा २०१७ चा, 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ इंडस्ट्रियल ऑर्गनायझेशन'मधला. ख्रिश्चन प्यूकर्ट, योर्ग क्लाउसेन आणि टोबियास क्रेट्श्मर यांचा. १९ जानेवारी २०१२ ला अमेरिकी सरकारने मेगाअपलोड ही प्रचंड मोठी फाइल साठवणारी साइट बंद केली. संशोधकांना आयता प्रयोग मिळाला: चोरटे सिनेमे मिळण्याचा एक मोठा रस्ता एका दिवसात बंद. मग थिएटरची कमाई वाढली का? भरपूर पडद्यांवर लागणाऱ्या मोठ्या सिनेमांची वाढली. पण सरासरी सिनेमाची वाढली नाही, उलट कमी झाली. त्यांनी सुचवलेलं कारण असं: छोट्या सिनेमाला जाहिरातीचा पैसा नसतो, त्याची जाहिरात म्हणजे लोकांची तोंडी चर्चा. चोरून पाहणारेही ती चर्चा करतात आणि त्यातून तिकीट काढणारे येतात. ती चर्चाच आटली.

आता म्हणाल, मग छोट्या निर्मात्याला पायरसीचा फायदाच की! मलाही पहिल्यांदा वाचल्यावर तसंच वाटलं होतं. पण दोन्ही पेपरांत मोजलंय काय, ते परत बघा. दोघांनीही थिएटरची कमाई मोजली आहे. छोटा मराठी निर्माता जगतो कशावर, हा वेगळा प्रश्न आहे. त्याचा हिशोब एकदा कागदावर मांडू. यातले खर्चाचे आणि प्रेक्षकांचे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, कुठल्याही खऱ्या सिनेमाचे नाहीत.

समजा, सिनेमा १ कोटीत झाला आणि जाहिरात, प्रदर्शन धरून आणखी ४० लाख गेले. तिकीट १२० रुपये. १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, म्हणजे कर वजा जाता साधारण १०२ रुपये उरतात. मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात निर्मात्याच्या बाजूला साधारण निम्मे येतात, पुढच्या आठवड्यांत वाटा घसरत जातो. म्हणजे ५१ रुपये. त्यातून वितरकाचं कमिशन १० टक्के धरलं तर हातात राहतात जेमतेम ४५. १ कोटी ४० लाख फक्त तिकिटांतून वसूल करायचे तर तीन लाखांहून जास्त माणसं थिएटरात यायला हवीत, तीही पहिल्याच आठवड्यात. आता प्रत्यक्षात काय होतं? १०० पडद्यांवर रोज दोन खेळ, प्रत्येक खेळाला सरासरी ४० प्रेक्षक, एक आठवडा. झाले ५६,००० प्रेक्षक. निर्मात्याचे २५ लाख. यातून पुन्हा डिजिटल प्रिंटसाठी पडद्यामागे जी फी भरावी लागते, ती मी धरलेलीच नाही.

उरलेले १ कोटी १५ लाख कुठून येणार? टीव्हीचे हक्क, ओटीटीचे हक्क आणि जमलं तर सरकारी अनुदान. छोट्या सिनेमाचं घर खरं तर टीव्ही-ओटीटीच्या हक्कांवर चालतं, थिएटर हे बहुतेक वेळा त्या हक्कांची किंमत ठरवण्याचं ठिकाण असतं. आणि पायरसीचा घाव नेमका तिथे बसतो. ओटीटीवाला हक्क घेतो म्हणजे काय घेतो? 'हा सिनेमा माझ्याकडेच मिळेल' ही गोष्ट विकत घेतो. टेलिग्रामवर तो आधीच स्वच्छ प्रिंटमध्ये फिरत असेल, तर वाटाघाटीत पहिलं वाक्य तेच येतं. समजा, ७० लाखांची अपेक्षा होती आणि सौदा ४५ लाखांवर आला. गेले २५ लाख, म्हणजे थिएटरातून जेवढे आले तेवढेच. याउलट त्या १९ टक्क्यांच्या हिशोबाने थिएटरचं नुकसान पाच लाखांच्या आतच बसतं. मोठ्या निर्मात्याचे हक्क बऱ्याचदा शूटिंग संपायच्या आधीच विकलेले असतात, त्याला हा घाव तेवढा लागत नाही. छोट्याचे हक्क मात्र प्रदर्शनानंतर विकायचे राहिलेले असतात.

आणखी एक करार असतो, तो तर थेट आहे: ओटीटी आधी पैसे देत नाही, जितकी मिनिटं सिनेमा पाहिला जाईल तितके देतो. नाव नसलेल्या निर्मात्याच्या वाट्याला बऱ्याचदा हाच करार येतो. इथे 'मी एकट्याने पाहिला तर काय बिघडतं' याचं उत्तर मिनिटांत देता येतं.

या पैशामागे कोण असतं, ते सांगायला भाऊराव कऱ्हाडे यांचं उदाहरण पुरे. 'ख्वाडा'साठी त्यांनी जमीन विकल्याची गोष्ट तुम्ही वाचली असेल. राष्ट्रीय पुरस्कारांत नाव आलं आणि ऑक्टोबर २०१५ मध्ये सिनेमा लागला. त्याच दिग्दर्शकाचा 'टीडीएम' २८ एप्रिल २०२३ ला आला. त्याच दिवशी 'महाराष्ट्र शाहीर' आणि 'पोन्नियिन सेल्वन'चा दुसरा भागही आला. 'टीडीएम'ला पुरेसे खेळच मिळेनात. शेवटी प्रदर्शन थांबवून ९ जूनला सिनेमा पुन्हा लावावा लागला.

हे उदाहरण मुद्दाम घेतलं, कारण छोट्या निर्मात्याचा शत्रू एकटी पायरसी नाही. खेळ न मिळणं हा कदाचित मोठा शत्रू आहे, आणि दोघांचं साटंलोटं आहे. ब्रेट डॅनहर आणि जोएल वॉल्डफोगेल यांनी अमेरिकी सिनेमे १७ देशांत किती उशिरा लागतात ते पाहिलं. बिटटोरंट आल्यानंतर, जिथे उशीर जास्त तिथे कमाईची घट जास्त, असं त्यांना दिसलं. एकूण परदेशी कमाई सुमारे ७ टक्क्यांनी कमी. म्हणजे लोक चोरी करतात त्याचं एक कारण वाट बघावी लागणं हे आहे. आपल्याकडे बघा. जयंत सोमलकरांच्या 'स्थळ'ला सप्टेंबर २०२३ मध्ये टोरांटो महोत्सवात नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि महाराष्ट्रात तो लागला ७ मार्च २०२५ ला. आणि लागला तरी जिंतूर-सोनपेठच्या पोराला तो पाहायचा तर किती लांब जावं लागतं, दुपारी बाराचा एकच खेळ, तोही मंगळवारपर्यंत उतरलेला. मला हे बहाणे म्हणून सांगायचे नाहीत. उपाय कुठे शोधायचा, ते यातून कळतं.

तर आता शोधायचं कसं. सिनेमा एका ठरावीक क्रमाने प्रवास करतो: महोत्सव, थिएटर, भाड्याने किंवा सबस्क्रिप्शनवर ओटीटी, टीव्ही, आणि शेवटी जाहिरातींसह फुकट. जितकं पुढे जाल तितकं स्वस्त. म्हणून आधी सिनेमा आत्ता कुठल्या टप्प्यावर आहे ते ओळखायचं. त्यासाठी justwatch.com/in ही साइट उघडून सिनेमाचं नाव इंग्रजी अक्षरांत टाका. भारतात तो कुठे सबस्क्रिप्शनवर, कुठे भाड्याने, कुठे फुकट आहे ते दिसतं. मराठी सिनेमांची माहिती तिथे कधी कधी मागे असते, त्यामुळे काही दिसलं नाही तर निर्मात्याच्या किंवा दिग्दर्शकाच्या इन्स्टाग्राम पानावर जा. ओटीटीची तारीख ते सगळ्यात आधी तिथेच टाकतात.

सिनेमा थिएटरात असेल तर तिकीट १०० रुपयांच्या आत मिळतंय का ते बघा. सप्टेंबर २०२५ पासून अशा तिकिटावर ५ टक्केच जीएसटी आहे, म्हणजे तुमच्या पैशातला जास्त भाग सिनेमाकडे जातो. सकाळचा खेळ, आठवड्यातले मधले दिवस, एक पडद्याचं जुनं थिएटर, इथे हे दर सापडतात. २०२२ मध्ये 'राष्ट्रीय सिनेमा दिन' सुरू झाला. त्या दिवशी पहिल्या वर्षी तिकीट ७५ रुपये होतं, २०२३ आणि २०२४ ला ९९. तारीख ठरलेली नसते आणि थोडेच दिवस आधी जाहीर होते. आणि हो, छोटा सिनेमा पाहायचा असेल तर शुक्रवारी किंवा शनिवारी जा. पुढच्या आठवड्यात खेळ राहणार की नाही, ते त्याच आकड्यांवर ठरतं.

ओटीटीवर असेल तर नवीन सबस्क्रिप्शन घेण्याआधी स्वतःचा मोबाइल रिचार्ज बघा. कंपनीच्या अॅपमध्ये प्लॅनचा तपशील उघडला की, सोबत कुठली ओटीटी मिळते ते लिहिलेलं असतं. आमच्या वसतिगृहात निम्म्या पोरांकडे असं चालू न केलेलं सबस्क्रिप्शन पडून होतं आणि तीच पोरं टेलिग्रामवर सिनेमा शोधत होती! एकच सिनेमा पाहायचा तर यूट्यूबवर काही सिनेमे भाड्याने मिळतात. महिन्याभराच्या सबस्क्रिप्शनपेक्षा ते स्वस्त पडू शकतं. अॅमेझॉन एमएक्स प्लेयरवर जाहिराती सहन केल्या तर पैसे लागत नाहीत. प्रसार भारतीचं 'वेव्हज' नोव्हेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या इफ्फीत सुरू झालं, त्यावरही बरंच काही फुकट आहे, पण नव्याकोऱ्या सिनेमाची अपेक्षा तिथे ठेवू नका.

गावाकडच्या घरासाठी मला सगळ्यात कामाचं वाटतं ते डीडी फ्री डिश. छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याला काही नाही. त्यावर सह्याद्री तर आहेच, मराठी सिनेमे दाखवणाऱ्या खासगी वाहिन्याही येतात. कुठल्या वाहिन्या राहतील ते लिलावात ठरतं, त्यामुळे मध्येच एखादी गायब झाली तर बॉक्स बिघडला असं समजू नका, पुन्हा ट्यूनिंग करून बघा. सिनेमा टीव्हीवर येतो तो वाहिनीने हक्क घेतलेले असतात म्हणून. वर ज्या ७० लाखांचा हिशोब केला, त्याचाच तो एक हिस्सा.

प्रदर्शनाच्याही आधी पाहायचा असेल तर महोत्सव. पुण्याच्या पिफमध्ये मराठी सिनेमांची वेगळी स्पर्धा असते. छत्रपती संभाजीनगरच्या अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला तर परभणीहून थेट रेल्वेने जाता येतं. विद्यार्थ्यांना सवलत आहे का, ते नोंदणीच्या पानावर आधी बघा.

यूट्यूबवर अख्खा सिनेमा दिसला तर तो खरा की चोरीचा, हे ओळखायला अवघड नाही. चॅनल कुणाचं ते बघा: निर्मिती संस्था, संगीत कंपनी किंवा टीव्ही वाहिनी असेल तर ठीक. चोराने टाकलेल्यात चित्र आरशासारखं उलटं असतं, पाट्यांवरची अक्षरं उलटी दिसतात. कधी आवाज किंचित पातळ केलेला, कधी भोवती रंगीत चौकट. यूट्यूबची यंत्रणा हक्कदाराने दिलेल्या मूळ फाइलशी प्रत्येक व्हिडिओ ताडून बघते, तिला चकवण्यासाठी हे सगळं करतात. आणि कुणी एपीके फाइल उतरवायला सांगत असेल तर सिनेमा राहू द्या, बँकेच्या खात्याची काळजी करा.

कायद्याचं थोडक्यात. २०२३ च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्ती कायद्याने थिएटरात सिनेमा रेकॉर्ड करणं आणि अशी चोरटी प्रत प्रसारित करणं गुन्हा आहे: तीन महिने ते तीन वर्षं कैद, दंड किमान ३ लाख आणि जास्तीत जास्त निर्मितीखर्चाच्या ५ टक्क्यांपर्यंत. ग्रुपवर फाइल पुढे ढकलणाऱ्याने हे एकदा वाचावं.

एक रस्ता फार कुणाला माहीत नसतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(जे) प्रमाणे शैक्षणिक संस्थेच्या उपक्रमात, प्रेक्षक फक्त तिथले विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक असतील, तर सिनेमा दाखवता येतो. तिकीट लावलं, बाहेरच्यांना बोलावलं की ही सवलत गेली. आणि दाखवायची प्रत मात्र सरळ मार्गाने मिळालेली हवी. स्वतःचं ओटीटी खातं प्रोजेक्टरला जोडणं त्या कंपनीच्या अटींत बसेलच असं नाही. म्हणून आम्ही विभागातर्फे एका छोट्या सिनेमाच्या निर्मात्याला सरळ ईमेल केला: तारीख, किती विद्यार्थी, कुठला हॉल, तिकीट नाही, आणि तुमचं मानधन किती, असे पाचच मुद्दे. तीन दिवसांनी उत्तर आलं. त्यांनी मागितलेली रक्कम आम्ही डोक्यामागे तीस रुपये काढून भरली, सिनेमा संपल्यावर दिग्दर्शक अर्धा तास फोनवरून बोलले.

त्यांनी पाठवलेली लिंक एका दिवसापुरतीच उघडत होती. चित्रावर मधोमध, फिकट अक्षरांत, आमच्या विभागाचं नाव आणि माझा ईमेल पत्ता पूर्ण दोन तास दिसत होता. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "दादा, तुझं नाव हिरोच्या तोंडावर येतंय!" मी फोन करून विचारलं, तर निर्माते म्हणाले, मागचा सिनेमा अशाच एका पाहायला दिलेल्या लिंकवरून फुटला होता आणि कुणाकडून फुटला ते शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हापासून प्रत्येक लिंकवर घेणाऱ्याचं नाव.